मदत हवी आहे: माझ्या पोस्टला बाजारात नक्की किती पगार आहे?

चाकणचा_गणेश
सोमवारी अप्रेजलची मीटिंग आहे, घाईत विचारतोय. क्वालिटीत आहे. पॅकेज 7.80. एका साइटवर माझ्या पोस्टला 6 दाखवतात, दुसरीकडे 9.5, आणि नोकरीच्या जाहिरातीत सरळ 12 लिहिलंय. खरं कोणतं धरायचं? साहेबांसमोर कोणता आकडा ठेवू?

निवांत_गडी
सरळ 12 सांग. ते घासाघीस करून 10 वर येतील. मी असंच केलं होतं.

मधुरा_जो
गणेश, अनुभव किती? डिप्लोमा की डिग्री? कंपनी गाड्या बनवणारी की त्यांना पार्ट पुरवणारी? आणि क्वालिटीत म्हणजे नक्की काय करता? 7.80 मध्ये काय काय धरलंय तेही लिहा. एवढं कळल्याशिवाय कुणीही सांगितलेला आकडा हवेतला.

चाकणचा_गणेश
अहो, पोस्ट सप्लायर क्वालिटी इंजिनिअर, हे लिहायचं राहिलं. 7 वर्षं. डिप्लोमा, नंतर नोकरी करत डिग्री. कंपनी पार्ट पुरवणारी, मशीनिंग आणि असेंब्ली. 7.80 हा सीटीसी. हातात 49,800 येतात.

टेक्सासचा_पाटील
इथे एच-वन-बीचा सरकारी डेटा सगळ्यांना खुला असतो. कंपनी, हुद्दा, शहर टाकलं की पगार समोर. तुम्हीही तेच बघा, एकदम ऑथेंटिक.

जुना_खोडकर
पाटील, तो चाकणला आहे. तिथला आकडा 90 ने गुणून साहेबांना दाखवू का?

टेक्सासचा_पाटील
मी फक्त पद्धत सांगितली. असो.

मधुरा_जो
मी 11 वर्षं एचआरमध्ये आहे, ऑटोपार्ट कंपन्यांमध्येच. तुमचे तिन्ही आकडे खोटे नसतील, पण तिन्ही वेगवेगळ्या वस्तूंचे आहेत. साइटवरची सरासरी लोकांनी स्वतः भरलेली असते. त्यात कुणी हातात येणारे गुणिले 12 लिहितो, कुणी सीटीसी. तीन-चार वर्षांपूर्वीच्या नोंदीही त्यात मिसळलेल्या असतात. सरासरी किती जणांच्या नोंदींवरून काढलीय ते आधी बघा. पाच-सात असतील तर तो आकडा सोडून द्या.

दुसरं, हुद्द्याचं नाव फसवतं. काही ठिकाणी सप्लायर क्वालिटी म्हणजे आलेला माल तपासणं. काही ठिकाणी सप्लायरकडे जाऊन पीपॅप मंजूर करणं, 8डी बंद करणं, ऑडिट करणं. पाटी एकच, पगार दोन. आम्ही मर्सर, एऑन यांचे पगार सर्व्हे विकत घेतो, त्यात हुद्दा नाही तर कामाचं वर्णन जुळवतात. तुमचं काम यातलं कोणतं?

चाकणचा_गणेश
दुसरं. 14 सप्लायर माझ्याकडे आहेत, महिन्यात 8-10 दिवस बाहेर. व्हीडीए 6.3 चं सर्टिफिकेटही आहे. पण तुम्ही कंपनीवाले तो सर्व्हे आम्हाला कुठे दाखवता?

मधुरा_जो
नाही दाखवत, खरं आहे. पण आपल्या ग्रेडचा पट्टा कुठून कुठपर्यंत आणि मी त्यात कुठे, हे विचारता येतं. काही जण सांगतात, काही टाळतात. टाळलं तरी विचारल्याची नोंद राहते.

हिशेबनीस
पण आधी 7.80 फोडा. बेसिक किती?

चाकणचा_गणेश
बेसिक 26,000. व्हेरिएबल वर्षाला 60,000, मेडिक्लेम 12,000, कँटीन-बस 18,000, हे सगळं सीटीसीत धरलंय.

हिशेबनीस
मग करू. कंपनीचा पीएफ बेसिकच्या 12 टक्के, म्हणजे महिना 3,120, वर्षाचे 37,440. ग्रॅच्युइटी 4.81 टक्के धरतात, वर्षाचे साधारण 15,000. त्यात तुमचे 60, 12 आणि 18 हजार मिळवले की 1,42,000 च्या वर जातं. ते वजा केलं की नक्की मिळणारा पगार वर्षाला सुमारे 6.37 लाख, महिना 53,100. त्यातून तुमचा पीएफ आणि 200 प्रोफेशनल टॅक्स गेला की 49,800. तुमचा हातचा आकडा जुळला.

आता बाहेरचा प्रत्येक आकडा याच 6.37 शेजारी ठेवायचा. काही कंपन्या पीएफ 15,000 वरच कापतात, म्हणजे महिना 1,800. तिथे तोच सीटीसी असला तरी हातात जास्त पडतं. म्हणून सीटीसीला सीटीसी लावून फसू नका.

निवांत_गडी
एवढं गणित कोण करतं? दुसरी ऑफर आण, टेबलवर ठेव. मार्केट म्हणजे तेच. स्विचला 30 टक्के मिळतातच.

रांजणगाव_वाला
मी ठेवली होती ऑफर. त्यांनी वाढवूनही दिले. पुढच्या वर्षी इन्क्रिमेंटला माझं नाव शेवटी. 90 दिवसांची नोटीस असल्याने दुसरी कंपनीही थांबली नव्हती. सगळ्यांनाच 30 टक्के मिळत नाहीत, भाऊ.

निवांत_गडी
तुझा साहेब तसला होता. सगळे नसतात.

मधुरा_जो
ऑफर म्हणजे बाजार, हे अर्धं खरं. ती नोकरी बदलणाऱ्याची किंमत असते. त्यात बदलायची जोखीमही धरलेली असते आणि माणूस लगेच हवा असल्याची घाईही. अप्रेजलला साहेबांच्या हातात ठरलेलं बजेट असतं, ते बहुतेक वेळा तेवढं ताणलं जात नाही. म्हणून गणेश, जाहिरातीतला वरचा आकडा बाजूला ठेवा, तो बहुधा सर्वांत अनुभवी उमेदवारासाठी असतो. दोन रिक्रूटरना फोन करा. स्वतःचा पगार न सांगता विचारा की या कामाला तुमच्या क्लायंटचं फिक्स बजेट किती. आणि गेल्या वर्षभरात बाहेर पडलेल्या जुन्या सहकाऱ्यांना विचारा.

जुना_खोडकर
पगार विचारला की आपल्याकडे माणूस हमखास विषय बदलतो. चाकणच्या ट्रॅफिकवर येतो.

रांजणगाव_वाला
ट्रॅफिकवर वेगळा धागा काढा. रोज दीड तास जातो, तो सीटीसीत धरावा.

चाकणचा_गणेश
दोन दिवस फोन केले. आधी स्वतःचा आकडा सांगितला की समोरचा सांगतो, हे कळलं. (रिक्रूटरला मात्र नाही सांगितला.) तळेगावचा एक जण फिक्स 7.4 वर आहे, काम माझ्यासारखंच. रांजणगावचा एक 7.9, पण तो पूर्णवेळ डिग्रीवाला. गाड्या बनवणाऱ्या कंपनीत गेलेला मित्र 10 वर आहे. एका रिक्रूटरने बजेट 8 पर्यंत फिक्स सांगितलं, दुसऱ्याने फोनच उचलला नाही. साइटवर बघितलं तर 9.5 वाल्या सरासरीत सहाच नोंदी. 12 च्या जाहिरातीत 10-15 वर्षांचा अनुभव मागितलाय, मी आधी वाचलंच नव्हतं.

म्हणजे 7.4 ते 8 धरून फिक्स 7.7 मागू?

हिशेबनीस
6.37 वरून 7.7 म्हणजे जवळपास 21 टक्के. अप्रेजलमध्ये जड जाईल. 7.4 मागा, तळेगावचा दाखला कामाशी जुळतो. नाव मात्र घेऊ नका.

मधुरा_जो
माझं मत उलट. 7.7 मागा, पण 14 सप्लायर आणि व्हीडीएचं काम कागदावर घेऊन जा. 10 वाल्या मित्राचा उल्लेख नको, गाड्या बनवणाऱ्यांची पगाराची पायरीच वेगळी. आणि तळेगाववाल्याला व्हेरिएबल किती हे विचारलंत का?

चाकणचा_गणेश
नाही विचारलं. आत्ता फोन लावतो.

निवांत_गडी
12 सांगून बघायला काय जातं, म्हणतो मी.