मदत हवी आहे: बॅनर बदलल्यापासून गूगल ॲड्समधली विक्री घटली, वेबसाइटवरची मात्र तेवढीच

टेरीवाला_सोलापूर
अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेलचं युनिट आहे. होलसेल निर्यातीशिवाय स्वतःच्या वेबसाइटवरून जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये किरकोळ विक्रीही करतो. पूर्वी कुकीच्या बॅनरवर ‘स्वीकारा’चं बटण मोठं होतं आणि नकार द्यायला आतल्या पानावर जावं लागायचं. तिकडच्या नियमांप्रमाणे दोन्ही बटणं शेजारी ठेवली, तशी संमती ८० टक्क्यांवरून ५२ वर आली.

नेदरलँड्समध्ये महिन्याला जाहिरातीचे साधारण १,२०० क्लिक येतात. तिथली कन्व्हर्जन्स, म्हणजे जाहिरातीच्या खात्यात नोंदलेली विक्री, ३० वरून १९ वर आली. वेबसाइटच्या ऑर्डर-यादीत मात्र त्या देशाच्या ४५ च्या जागी ४३ ऑर्डरी आहेत. जर्मनीत ४,२०० क्लिक, तिथे ९६ ची फक्त ९१ झाली. शेठ म्हणतात, नेदरलँड्सचं बजेट जर्मनीत टाका. एजन्सी म्हणते, जर्मनीचे आकडे ‘मॉडेल्ड’ आहेत. म्हणजे ते खरे की गूगलने मनाने घातलेले?

चटणीघर
आमचंही तेच! शेंगाचटणीच्या ऑर्डरी व्हॉट्सॲपवर भरपूर येतात, पण ॲड्समध्ये काहीच दिसत नाही. बॅनर काढून टाकू का?

मोजणीदार
चटणीघर, तुमचा प्रश्न वेगळा आहे. ऑर्डर व्हॉट्सॲपवर ठरते, ती वेबसाइटवर विक्री मोजणाऱ्या गूगलच्या टॅगला कळणारच नाही. बॅनर काढून काही उपयोग नाही.

राम_पेठकर
टेरीवाला, सोपं आहे. १९ ला ०.५२ ने भागा, ३६-३७ येतात. तोच खरा आकडा. आणि कन्व्हर्जनच्या रकान्यात १२.३७ असा अपूर्णांक दिसला की समजायचं, ते मॉडेल्ड.

मोजणीदार
रामभाऊ, दिशा बरोबर आहे, पण ३७ ही वरची मर्यादा झाली. नकार देणारा माणूस होकार देणाऱ्याइतकंच खरेदी करतो, असं त्यात धरलंय. गूगलच्याच म्हणण्यानुसार संमती देणारे साधारण दोन ते पाच पट जास्त खरेदी करतात. अपूर्णांकाचंही तसंच. एका विक्रीचं श्रेय दोन-तीन क्लिकमध्ये वाटलं गेलं तरी तो दिसतो.

टेरीवाला, तुमच्याकडे जुने आकडे आहेत, त्यांचा उपयोग करा. आज नकार देणाऱ्या ४८ टक्क्यांत दोन गट आहेत. त्यातले २८ टक्के पूर्वी होकार देणारेच होते. त्यांच्या ११ ऑर्डरी आता दिसेनाशा झाल्यात, गेलेल्या नाहीत. उरलेले २० टक्के पूर्वीही दिसत नव्हते. ते निम्म्याच प्रमाणात खरेदी करतात असं धरलं तर आणखी चार. म्हणजे जाहिरातीतून आलेल्या ऑर्डरी ३४ च्या आसपास. हा चारचा आकडा अंदाजच आहे.

मॉडेल्डचा अर्थही हाच. गूगल संमती दिलेल्यांचं वागणं देश, डिव्हाइस, वेळ अशा गोष्टींवरून बघतं आणि नकार दिलेल्या क्लिकमधून किती विक्री झाली असेल ते ठरवून एकूण बेरजेत मिळवतं. ती कुठल्याही एका गिऱ्हाइकाला किंवा ऑर्डर नंबरला जोडलेली नसते. म्हणून ऑर्डर-यादीशी एकेक ताडून बघू नका, महिन्याची बेरीज तेवढी बघा.

आता खरी गोम. कन्सेंट मोड म्हणजे गिऱ्हाइकाने संमती दिली की नाही ते गूगलला कळवणारी सोय. तिचं हे मॉडेल सुरू व्हायला एका देशातून, एका डोमेनवर, सात दिवसांत ७०० जाहिरात-क्लिक लागतात. जर्मनीचे आठवड्याला साडेनऊशेच्या वर होतात. नेदरलँड्सचे २८० च. म्हणून जर्मनीचं भोक बुजलं, नेदरलँड्सचं उघडं राहिलं. मागणी तिथे घटलेली नाही. या आकड्यांवरून बजेट हलवलंत तर चालती बाजारपेठ बंद कराल.

टेरीवाला_सोलापूर
म्हणजे दोन्ही देशांची तुलना दोन वेगळ्या मापांनी चालली होती! पण मॉडेल जर्मनीत खरंच चालू आहे, हे कसं बघायचं?

मोजणीदार
कन्व्हर्जन ॲक्शनच्या डायग्नोस्टिक्समध्ये कन्सेंट मोडचा परिणाम देशनिहाय दिसतो. शिवाय बॅनरवर नकार द्या, F12 दाबून Network उघडा आणि गूगलकडे जाणाऱ्या विनंतीत `gcs=G100` आहे का बघा. संमती दिल्यावर तिथे `G111` यायला हवं. नकारानंतर विनंती जातच नसेल, तर टॅग संमतीपर्यंत अडवून ठेवलेत. तशा वेळी मॉडेलला तुमच्या साइटची माहिती फारच कमी मिळते.

टेरीवाला_सोलापूर
बघितलं, `G100` येतंय. डायग्नोस्टिक्समध्ये जर्मनीच आहे, नेदरलँड्स नाही. पण दोन्ही देश एकाच मोहिमेत आहेत आणि बोली गूगलच लावतं.

मोजणीदार
मग नुकसान तिथेच होतंय. बोली याच रकान्यावरून ठरते, त्यामुळे नेदरलँड्सची बोली आपोआप उतरत असणार. मोहीम वेगळी काढा आणि तिचं आरओएएस टार्गेट, म्हणजे जाहिरातीच्या खर्चामागे किती विक्री हवी ते, तिथे दिसणाऱ्या आकड्यांना धरून खाली ठेवा.

राम_पेठकर
महिन्याला १९ कन्व्हर्जनवर वेगळी मोहीम? एवढ्यावर स्वयंचलित बोली काय शिकणार?

मोजणीदार
मुद्दा रास्त आहे. टार्गेट न लावता हाताने बोली ठेवणं हा दुसरा मार्ग, पण त्यात रोज लक्ष घालावं लागतं. काहीही निवडा, नेदरलँड्सचा निकाल ऑर्डर-यादीवरूनच लावा. आणि तिथेही ४५ चे ३९ झाले तर घाबरू नका, इतक्या लहान आकड्यांत एवढी वर-खाली सहज होते.