मदत हवी आहे: बीएसटी मोजताना ३४ व्या संख्येला उत्तर चुकते

n वेगवेगळ्या कीजपासून किती बायनरी सर्च ट्री बनतात, ते जावात मोजतो आहे. n कमाल ३५, प्रकार `long`, `BigInteger` चालणार नाही.

प्रत्येक कीला रूट धरून डाव्या-उजव्या बाजूंचा गुणाकार आणि मग बेरीज, ही रीत बरोबर चालते: n=3 ला 2+1+2=5, आणि n=35 ला 3116285494907301262. कॅटलान संख्यांशी सगळे जुळते. पण दुहेरी लूप टाळायला, c हे n चे उत्तर धरून त्यावरून n+1 चे काढणारे हे सूत्र वापरले:

```
c = c * (4*n + 2) / (n + 2);
```

३३ पर्यंत ठीक, ३४ ला बिघडते. उत्तर `long` मध्ये मावते, पण आधीचा गुणाकार (212336130412243110 × 134) मावत नाही आणि जावा मुकाट्याने चुकीची संख्या देते. आधी भागावे, तर 35 ने नि:शेष भाग जाऊन 34 चे उत्तर बरोबर येते; मात्र n=1 ला 1/3 शून्य होते आणि पुढचे सगळेच शून्य.

म्हणून आधी (4n+2) आणि (n+2) यांचा मसावि काढून दोन्ही लहान केले, मग c ला उरलेल्या छेदाने भागून नंतर गुणले. आता ३५ पर्यंत पडताळा जुळतो. पण उरलेल्या छेदाने c ला नेहमीच नि:शेष भाग जाईल, हे सिद्ध कसे करायचे? आणि झाडांच्या मोजणीतूनच त्याचे कारण दाखवता येते का?