प्रतिसाद: झाकण आधी, उलथणं नंतर

> एक चमचा तेलात बटाट्याची कोरडी भाजी करते. झाकण ठेवलं की लगदा, नाही ठेवलं की बुडाला लागते. काय चुकतंय?

झाकण ठेवा, पण फक्त पहिल्या टप्प्यात. तेल कमी असलं की फोडी शिजवायचं काम वाफेला करावं लागतं. पाव किलो बटाट्याच्या पातळ फोडी धुऊन स्टार्च काढा आणि फडक्यावर कोरड्या करा (मी हेच टाळायचे, म्हणून चिकट व्हायची). फोडणीत घालून एकदाच परता, म्हणजे सगळ्यांना तेल लागेल. मग मीठ, मंद आच आणि झाकण. मिठाने पाणी सुटतं, त्याचीच वाफ होते. पाच-सहा मिनिटांत एकदाच हलवा. सारखं झाकण काढलं तर वाफ जाते आणि भाजी लागते.

फोड उलथन्याने दाबल्यावर तुटली, पण कुस्करली नाही, की झाकण काढा. झाकणाचं पाणी कढईत पडू देऊ नका. आता आच मध्यम करा आणि दोन मिनिटं हात लावू नका. खालची बाजू खरपूस झाली की फोड आपणहून सुटते. ओढावी लागली तर अजून थांबा. मग खालून वर उलथा, ढवळू नका.

भेंडीला मात्र झाकण नकोच, वाफेने तार सुटते.