आभाराच्या पत्रात नापास मुलांचा उल्लेख असावा का?

संघाची सचिव: मजकूर असा आहे: ‘दहावीचा निकाल उत्तम लागला. जानेवारीपासून सकाळी 7 चे जादा तास घेणाऱ्या शिक्षकांचे मनःपूर्वक आभार. ज्यांना अपेक्षित यश मिळाले नाही, त्यांच्याही कष्टांची संघ दखल घेतो.’ शेवटच्या वाक्यावरून संघात दोन मतं पडलीत. ठेवू का काढू?

दुकानदार पालक: काढा. 64 पैकी 57 पोरं पास झाली. सरांनी थंडीत पहाटे उठून शिकवलं, तो आनंद निर्भेळ असू द्या. सात जणांचं आईबापांशी स्वतंत्र बोला. तसंही एटीकेटी आहे, अकरावीला प्रवेश मिळतोच.

निवृत्त गणित शिक्षिका: दादा, एटीकेटी एक किंवा दोन विषय राहिले तरच. तीन राहिले तर नाही. वाक्य ठेवा, पण ‘दखल’ म्हणजे काय ते लिहा. पुरवणी परीक्षेचा फॉर्म शाळेतूनच भरायचा असतो आणि मुदत फार नसते. निकालाच्या धक्क्यात कितीतरी घरांतून तो राहून जातो. तारीख आणि कुणाला भेटायचं, एवढं तरी हवं.

वाडीवरची आई: माझा मुलगा त्या सातांत आहे. आमची पहिली एसटी 8 वाजून 10 मिनिटांनी पोचते. 7 च्या तासाला तो जाणार कसा? ‘कष्टांची दखल’ वाचून मला रडू आलं. त्याला ते तास मिळालेच नाहीत, हे कोण लिहिणार?

क्लास लावणारे बाबा: जादा तासांचे पैसे घेतले होते का? आम्ही बाहेर वर्षाचे भरले.

सचिव: नाही हो, फुकट होते.

निवृत्त गणित शिक्षिका: ताई, त्याची वही मी पाहिली. 2x − 7 = 11 वरून तो 2x = 4 लिहितो. सात पलीकडे नेताना चिन्ह बदलत नाही, म्हणून 18 चे 4 होतात. ही चूक सातवी-आठवीपासूनची आहे. सकाळच्या तासांना बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिका सोडवून घेत होते. ज्याला 70 चे 85 करायचे त्याला ते उपयोगी. ह्याला आधी चिन्हं पक्की हवीत. अंतर्गतचे 16 आहेत, म्हणजे 35 साठी बीजगणित-भूमिती मिळून 80 पैकी 19 हवेत. रोज तासभर बसला तर जमेल. संध्याकाळी 5 ला मी शाळेत येते, परतीची गाडी 6:30 ची आहे ना?

वाडीवरची आई: आहे. पाठवते बाई.

दुकानदार पालक: हे चांगलंच आहे. पण मग आभाराचं पत्र वेगळं आणि हे वेगळं करा. सरांना ही तक्रार वाटेल.

वाडीवरची आई: तक्रार नाही दादा. पुढच्या वर्षी तास 8:30 ला ठेवा, हे त्याच पत्रात विचारायचं नाही तर कधी?

सचिव: फॉर्मची तारीख घालते आहे. वेळेचं मुख्याध्यापकांशी बोलून मग ठरवू.