अनुभव धागा: आल्याचा चहा – आधी काय, मग काय, आणि किती उकळायचा?

मंडळी, परवा घरी चार पाहुणे आले. घाईत होते म्हणून दूध-पाणी एकत्र गॅसवर ठेवलं आणि ते कोमट झाल्यावर किसलेलं आलं त्यात घातलं. दोन मिनिटांत कडेला पांढरे कण दिसू लागले. गाळलं तर चोथ्यावर पनीरचा थर आणि कपात पिवळट पाणी. शेवटी पाहुण्यांना कोकम सरबत दिलं! दूध सकाळचंच होतं आणि त्याच दुधाचा बिनआल्याचा चहा संध्याकाळी छान झाला.

तर तुमच्याकडचा आल्याचा चहा कसा होतो ते लिहा. क्रम, प्रमाण, वेळ, सगळं. ‘अंदाजाने’ असं लिहिणाऱ्यांनी निदान कुठल्या चमच्याचा अंदाज तेवढं तरी सांगा.

सायसाखर: दूध उतरलेलं असणार. दुसरं काय? आलं मुळात आंबट असतं, त्याने दूध फाटतंच. म्हणून मी आधी साखर विरघळवते, मग आलं, आणि चांगलं खळखळून उकळी आली की मगच दूध. बावीस वर्षांत एकदाही फाटला नाही.

खलबत्ता: सायसाखरताई, तुमची रीत अगदी बरोबर आहे, पण त्याचं श्रेय साखरेचं नाही. आमचा एसटी स्टँडासमोर चहाचा गाडा होता, वडलांच्या हाताखाली मी आठ वर्षं काढली. आलं लिंबासारखं आंबट नसतं. कच्च्या आल्यात दुधातली प्रथिनं तोडणारं एक एंझाइम असतं, पपईच्या चिकातल्या एंझाइमच्या जातकुळीतलं. दूध चांगलं गरम असतं पण उकळत नसतं, तेव्हा ते सगळ्यात जोरात काम करतं. उकळत्या पाण्यात मात्र ते निकामी होतं. धागाकर्त्यांनी कोमट दुधात आलं टाकून ते उकळेपर्यंत त्याला भरपूर वेळ दिला. दक्षिण चीनमध्ये याच गुणावर गोड पदार्थ करतात. आल्याच्या रसावर गरम दूध ओततात आणि ते दह्यासारखं घट्ट होतं.

मी दोन कपांचा चहा असा करतो. कप 150 मिलीचा. सव्वा कप पाण्याचं आधण ठेवायचं. अंगठ्याच्या पेराएवढं आलं सालासकट ठेचून त्यात टाकायचं आणि झाकण न ठेवता पुरती दोन मिनिटं उकळू द्यायचं. मग तीन चमचे साखर आणि दोन चमचे बारीक दाणेदार पावडर. चमचा चहाचा, सपाट. मिनिटभरात आधण विटकरी होतं. काळपट दिसायला लागलं तर पावडर जास्त झाली किंवा वेळ. मग एक कप तापवलेलं दूध. पहिल्यांदा वर आला की गॅस बारीक करायचा, खाली बसू द्यायचा, पुन्हा वर आणायचा. दोन वेलदोडे सालासकट कुटून दुसऱ्या उकळीला टाकायचे आणि गॅस बंद करून मिनिटभर झाकायचं. सव्वादोन कपांतलं पाव कप वाफेत आणि चोथ्यात जातं, बरोबर दोन कप उरतात.

वेलदोडा सुरुवातीपासून उकळलात तर त्याचा वास सगळ्या घरात येईल, फक्त कपात येणार नाही.

कोराकप: आल्याच्या चहाने मला फार जळजळ होते. सकाळी उपाशीपोटी घेतो. काय करावं?

गवतीपात: कोराकप, धागा चहा करण्याचा आहे हो 🙂 पण आधी दोन घास खा आणि आलं वगळून गवती चहाच्या चार पाती गाठ मारून आधणात टाका. त्यानेही जळजळ झाली तर चहाचाच विचार करावा लागेल. आमच्याकडे कोकणात पावसाळ्यात दोन्ही घालतात, मिरी मात्र कधीच नाही. मिरी घातली की सासूबाई विचारतात, “कोणाला बरं नाहीये?”

राईनकाठ: मी जर्मनीत राहते. सुरुवातीची दोन वर्षं माझा चहा राखाडी व्हायचा, वर तेलकट साय तरंगायची. पावडर वाढवली तर कडू लागायचा, राखाडी तो राखाडीच. किटलीच्या तळाला पांढरा थर बघून डोक्यात प्रकाश पडला: इथलं पाणी जड आहे. फिल्टरच्या जगमधून गाळलेलं पाणी वापरायला लागल्यावर तवंग जवळजवळ गेला. दुसरी चूक दुधाची. दीड टक्का स्निग्धांशाच्या दुधात घरचं प्रमाण चालत नाही. आता साडेतीन टक्क्यांचं दूध घेते आणि दूध-पाणी निम्मं निम्मं ठेवते.

सायसाखर: आमच्याकडे म्हशीचं दूध. निम्मं घातलं तर चहा कुठे गेला ते शोधावं लागेल. कपाला पाव कपापेक्षा थोडं जास्त पुरतं.

मांडवकरी: माझा अनुभव प्रमाणाच्या गुणाकाराचा. गणपतीत चाळीस कप करायचे होते. घरी दोन कपांना जे लागतं त्याला वीसने गुणलं आणि सगळं पातेल्यात एकदम चढवलं. अर्ध्या तासाने उकळी आली. तोवर पावडर गरम पाण्यात भिजत पडलेली, चहा इतका तुरट की जीभ टाळूला चिकटावी. आल्याचा तर झणका. वर चहा उरलाही जास्त.

खलबत्ता: नेहमीची फजिती. मोठ्या पातेल्यात तेवढ्याच वेळात त्या मानाने वाफ कमी जाते, म्हणून पाणी वीसपट नको, अठरापट घ्या. पावडर पंधरा-सोळापट पुरते, कारण ती जास्त वेळ आत राहते. आलं बारापटीने सुरू करा आणि चाखून वाढवा. मुख्य म्हणजे दूध शेजारच्या शेगडीवर वेगळं उकळतं ठेवा. थंड दूध ओतलं की पातेलं गार पडतं आणि पुन्हा उकळेपर्यंत पावडर कडू होत बसते. गाळायला फडकं. जाळीची गाळणी चाळीस कपांत तीनदा तुंबते.

गवतीपात: आणि गुळाचा चहा? माझा दहातून तीनदा फाटतो.

सायसाखर: गुळात हल्ली काहीबाही घालतात.

खलबत्ता: असेलही. पण आमचा साधा काळा गूळसुद्धा कधी कधी फाडायचा. आम्ही कपात गूळ ठेवून वरून चहा ओतायचो. तरीही एखादा कप जायचाच, नेमकं का ते मला नाही उलगडलं.

धागाकर्ता: आज सकाळी खलबत्तांच्या क्रमाने केला. फाटला नाही, रंग विटकरी आला. पण आलं ठेचायच्या ऐवजी किसलं होतं, त्यामुळे रस जास्त उतरला आणि घशात चरचरलं. उद्या ठेचून बघतो. एक शंका उरलीच. बायको म्हणते साखर आधणात घातली की रंग चढतो. मी दोन पातेली शेजारी ठेवून बघितली, मला फरक दिसला नाही. तिला दिसला.

सायसाखर: तिचंच बरोबर आहे.

राईनकाठ: मी गाळल्यावर घालते, रंग तोच येतो.