मेहुण्याचं अप्रेझल

"पुतण्या आमच्याच वर्कशॉपमध्ये आहे, त्याच्या चुका त्याला सांगायच्या कशा?"

आमचं भोसरीला छोटं मशीन शॉप आहे, डिस्पॅच मेहुणा बघतो. आधी मीच त्याला मार्क द्यायचो, म्हणजे बायकोचा चेहरा आठवून :) आता बाकी सुपरवायझरना जो फॉर्म तोच त्याला, आणि आधी मॅनेजर भरतो, मग मी. गेल्या वेळी 'निष्काळजी आहेस' वगैरे न म्हणता सरळ रजिस्टर उघडलं, 3 महिन्यांत 40 डिस्पॅच, 9 उशिरा, त्यातले 4 मटेरियलच लेट आलं म्हणून, ते सोडून दिले आणि उरलेल्या 5 बद्दलच बोललो. तर तोच म्हणाला, दाजी, टेम्पोवाल्याला मी आदल्या दिवशी फोनच करत नाही. इन्क्रिमेंट बाकीच्यांच्याच हिशोबाने, घरच्या अडचणीला द्यायचे ते पैसे वेगळे, पगारात घुसवायचे नाहीत. आणि हे बोलणं ऑफिसातच, रविवारी जेवताना नाही, तिथे सासूबाई असतात.