मदत हवी आहे: मैत्रिणीला मेसेज काय पाठवू?

मेघना_ना: मैत्रिणीची आई आजारी आहे, सगळं ती एकटी करते. काल फोनवर आवाज ऐकला, पार गळून गेलीये. मेसेज लिहायला बसले की 'काळजी घे, तू खंबीर आहेस, काही लागलं तर हक्काने सांग' यापुढे गाडी जात नाही. हे आधीही पाठवलंय, नुसता अंगठा येतो. दोन-चार चांगली वाक्यं सुचवा. आज रात्रीच पाठवायचंय.

नाना_सातारकर: आजार कोणता? तुम्ही एकाच गावात आहात का? घरात आणखी कोण?

राजे७२: ब्यूरोतून बाई ठेवा म्हणावं. आमच्याकडे दोन ठेवल्या, दिवसाची नि रात्रीची. प्रश्न मिटला.

मेघना_ना: राजे, मी वाक्यं मागितली आहेत. नाना, काकूंना पक्षाघात झालाय, उजवी बाजू गेली. नाकातून नळी आहे. आम्ही दोघी नाशकातच. भाऊ बंगळुरूला. रात्रीच्या बाईचे पैसे परवडत नाहीत.

वसुधा_जो: हे आधी सांगायचं ना! माझे सासरे असेच अंथरुणावर होते. नळी म्हणजे दर दोन-तीन तासांनी पातळ, गाळलेलं भरवायचं, डोक्याकडची बाजू उंच करून. भरवल्यावर निदान अर्धा तास आडवं करायचं नाही, नाहीतर अन्न वर येऊन छातीत जातं. शिवाय रात्रीसुद्धा दर दोन तासांनी कूस बदलायची. म्हणजे तुमच्या मैत्रिणीला सलग तीन तास झोप मिळतच नसणार. 'काही लागलं तर सांग' म्हटलं की काय लागेल हा विचारही तिनेच करायचा. त्यापेक्षा वार, वेळ आणि काम तुम्हीच ठरवून विचारा.

राजे७२: एअर बेड घेतला की कूस बदलावी लागत नाही. आम्ही घेतलाय.

वसुधा_जो: लागते हो! गादीने दाब कमी होतो, जात नाही. माकडहाडावर, टाचेवर लाली बघा. बोटाने दाबून सोडल्यावर ती पांढुरकी झाली नाही, तशीच लाल राहिली, तर जखम सुरू झाली समजायचं. मग त्या बाजूवर झोपवायचं नाही, आणि चोळायचं तर मुळीच नाही.

पमाकाकू: माझ्या गुडघ्यांना महानारायण तेलाने फार फरक पडला. काकूंना लावून बघा.

नाना_सातारकर: पमाताई, गुडघ्यांचा धागा वेगळा. मेघनाताई, काकूंना पेन्शन असेल तर नोव्हेंबरात हयातीचा दाखला लागेल. पोस्टमन घरी येऊन अंगठ्यावर करून देतो. पोस्टात सांगून यायचं काम तुम्ही घ्या. या असल्या कामांनीच माणूस जास्त दमतो.

मेघना_ना: पेन्शन आहे. हे सुचलंच नव्हतं. मी दुपारी जाऊन बसू शकते, पण नळीने भरवणं मला जमणार नाही, भीती वाटते.

वसुधा_जो: भरवूच नका, ते शिकलेल्यानेच करावं. मधली वेळ घ्या. ती दोनला भरवते असं धरू. अडीचला तुम्ही जा, ती आतल्या खोलीत दार लावून झोपेल, पाचच्या भरवण्याला उठेल. तुम्ही फक्त काकूंजवळ बसा. खोकला लागला, नळी सरकली, धाप लागली तर लगेच उठवायचं. आणि गेल्यावर गप्पा नकोत, रिपोर्टची चौकशी नको. तिला झोपू द्या.

निखिल_प: चारला कूस बदलायची तर तिला उठवावंच लागेल. मग काय झोप ती?

वसुधा_जो: झोपायला जाण्याआधीच बदलून घेईल.

निखिल_प: अडीचला बदलली तरी पाचपर्यंत अडीच तास होतात. दोनच तास सांगितलेत ना?

वसुधा_जो: लाली नसेल, गादी चांगली असेल तर आमचे डॉक्टर दिवसा थोडं चालवून घ्यायचे. काकूंचं त्यांच्या डॉक्टरांना विचारावं लागेल.

मेघना_ना: हे लिहिलंय, बघा:

"अगं, काल तुझा आवाज फार दमलेला वाटला. रात्री दर दोन तासांनी उठायचं आणि सकाळी परत कामाला बसायचं, याने कोणीही थकेल. बुधवारी अडीचला मी येते, पाचपर्यंत काकूंजवळ बसते. तू आत जाऊन झोप. चहा करू नकोस, घर आवरू नकोस. येताना रात्रीची पोळी-भाजी आणते. काकूंच्या हयातीच्या दाखल्याचं पोस्टात मी सांगून येते, फक्त पेन्शनच्या कागदाचा फोटो पाठव. बुधवार चालेल की गुरुवार, एवढंच कळव. बाकी उत्तर लिहीत बसू नकोस."

वसुधा_जो: छान. 'याने कोणीही थकेल' मात्र काढा. ती कोणीही नाही, तिचं तिला लिहा.

राजे७२: मला ते वाक्य ठीक वाटतं. पण 'आवाज दमलेला वाटला' कशाला? मला कोणी असं म्हटलं की रागच येतो.

मेघना_ना: 'कोणीही' काढलं, आवाजाचं ठेवलं. पाठवला. 'गुरुवार' एवढंच आलंय, आणि कागदाचा फोटो.

निखिल_प: आणि कूस बदलायचं?

मेघना_ना: डॉक्टरांना विचारून ठेव म्हणून गुरुवारच्या आधी सांगते तिला.

पमाकाकू: नाना, तो गुडघ्यांचा धागा कुठे आहे? सापडत नाही.